बीएस्सी कॉम्प्युटर झालंय, सॉकमध्ये, म्हणजे कंपनीच्या सिस्टिमवरच्या हल्ल्यांवर नजर ठेवणाऱ्या टीममध्ये, मॉनिटरिंगचा जॉब हवाय. कोणतं सर्टिफिकेट करू आणि त्यात प्रॅक्टिकल लॅब खरंच असतात का?

खर्च परवडत असेल तर बीटीएल१, म्हणजे ब्लू टीम लेव्हल १, करा, बाकीचं नंतर बघू. कॉम्पटियाच्या सिक्युरिटी प्लसमध्ये लॅब नाही, ९० मिनिटांत जास्तीत जास्त ९० प्रश्न, त्यात थोडे ड्रॅग करून सोडवायचे सिम्युलेशनवाले. आयएससी२ चं सीसी, म्हणजे सर्टिफाइड इन सायबरसिक्युरिटी, ही निव्वळ थिअरी. बीटीएल१ ची परीक्षाच २४ तासांची असते, एका घडलेल्या अटॅकचा तपास करून २० प्रश्नांची उत्तरं द्यायची आणि ७० टक्क्यांना पास. कोर्सच्या लॅबमध्ये फिशिंग मेल उघडून बघणं, नेटवर्क ट्रॅफिकसाठी वायरशार्क, लॉग शोधायला स्प्लंक, डिस्कसाठी ऑटोप्सी, मेमरीसाठी व्होलॅटिलिटी हे सगळं हाताने करावं लागतं.

पण मला लिहायचंय ते वेगळंच. आमच्याकडे पुण्यात फ्रेशर्सचे इंटरव्ह्यू मी घेतो आणि सोबत एक सीनियर असायचे, त्यांना रेझ्युमेवर बिल्ले मोजायची सवय. मी सगळ्यांना एकच केस द्यायचो. एका फाइल सर्व्हरवर `4625` म्हणजे फेल्ड लॉगिनचा ढीग पडलाय, अलर्टवर ब्रूट फोर्स लिहिलंय, आता काय करणार? तीन सर्टिफिकेटवाला एक मुलगा आला, पटकन म्हणाला, आयपी ब्लॉक करणार. मी म्हटलं, अरे आयपी आपल्याच अॅप्लिकेशन सर्व्हरचा आहे, ब्लॉक केलास तर सगळं बंद पडेल की. गप्प बसला. सीनियर साहेब तरी त्याच्याच बाजूने!

मग सांगलीकडची एक मुलगी आली, सर्टिफिकेट एकही नाही. तिने आधी विचारलं, युजर किती आहेत? एकच. लॉगऑन टाइप? 3, म्हणजे नेटवर्कवरून. वेळेत काही पॅटर्न? बरोब्बर दर पाच मिनिटांनी, रात्रीसुद्धा. फेल्युअर कोड? सुरुवातीला `0xC000006A`, म्हणजे युजर खरा पण पासवर्ड चुकलेला, आणि मग `0xC0000234`, म्हणजे अकाउंट लॉक. ती म्हणाली, सर, हा सर्व्हिस अकाउंट, म्हणजे माणसाऐवजी प्रोग्रॅम वापरतो तो, वाटतोय, कुणीतरी पासवर्ड बदललाय आणि एखाद्या स्क्रिप्टमध्ये जुनाच राहिलाय, पण क्लोज करायच्या आधी पासवर्ड कधी आणि कुणी बदलला ते बघेन, आणि त्याच सोर्सवरून `4624`, म्हणजे यशस्वी लॉगिन, आहे का तेही. हे कुठे शिकलीस विचारलं तर म्हणे स्प्लंकने बॉट्स नावाचा डेटासेट फुकट दिलाय, तो घरच्या लॅपटॉपवर टाकून सोडवला आणि प्रत्येक प्रश्नानंतर वहीत तिकिटासारखं लिहून काढलं. विंडोजच्या कोडचा अभ्यास वेगळा केला, स्वतःच्याच मशीनवर मुद्दाम चुकीचे पासवर्ड टाकून.

सीनियर म्हणाले, एचआरला काय दाखवणार, कागद कुठाय? तिथून आमचं जे वाजलं ते अजून मिटलेलं नाही. मुलगी लागली, हे त्यांना आवडलं नाही, आणि ते अजूनही म्हणतात की एक अपवाद दाखवून नियम बदलत नाही.

माझं म्हणणं एवढंच की सर्टिफिकेटच्या लॅबमध्ये एक खोट असते. अटॅक नक्की झालाय हे आधीच माहीत असतं आणि आयपी चौकटीत टाकला की हिरवी खूण येते. नोकरीत बहुतेक अलर्ट फालतू निघतात, आणि एखादा फालतू का आहे हे तीन ओळींत पटवून लिहिता येणं हेच काम. म्हणून कोणतीही लॅब करा, पण उत्तर मिळाल्यावर उलटा प्रश्न विचारा की हाच लॉग साध्या कारणाने कसा दिसला असता. स्प्लंकची एक छोटी क्वेरी देतो, विंडोजचे लॉग स्प्लंकच्या विंडोज अॅड-ऑनने एक्सएमएल फॉरमॅटमध्ये घेतले असतील तर चालेल, `win` च्या जागी तुमच्या इंडेक्सचं नाव टाका:

```
index=win EventCode=4625
| stats count dc(TargetUserName) as users by IpAddress, SubStatus
```

एका आयपीसमोर `users` चा आकडा मोठा आणि प्रत्येक युजरवर एकदोनच प्रयत्न, तर पासवर्ड स्प्रेइंगचा, म्हणजे तेच एकदोन पासवर्ड सगळ्यांवर लावून बघण्याचा, संशय घ्या. कोड `0xC0000064` भरपूर असेल तर ती नावं तुमच्याकडे अस्तित्वातच नाहीत, कुणीतरी अंदाजाने टाकत असण्याची शक्यता बघा. आणि आरडीपीला, म्हणजे रिमोट डेस्कटॉपला, एनएलए ही सेशन उघडण्याआधीच पासवर्ड तपासणारी सोय चालू असेल तर फेल झालेले प्रयत्न रिमोट डेस्कटॉपच्या टाइप 10 ऐवजी 3 म्हणून दिसतात, इथे भले भले फसतात.

हां, एक राहिलं. मोठ्या सर्व्हिस कंपन्यांमध्ये एचआर खरंच सिक्युरिटी प्लस शोधून रेझ्युमे गाळतं, तिथे तुमची वही कुणी उघडणार नाही, त्यामुळे तिकडेच जायचं असेल तर तेच आधी करा. लॉग बघायला मायक्रोसॉफ्ट सेंटिनेल वापरणारी कंपनी डोक्यात असेल तर मायक्रोसॉफ्टचंच एससी-२०० सर्टिफिकेट, त्यात केक्यूएल या सेंटिनेलच्या भाषेत क्वेरी लिहायची सवय होते. आणि ते सीनियर हे वाचत असतील तर, साहेब, तुमचा तो तीन सर्टिफिकेटवाला दुसरीकडे लागला असेल, पण आयपी ब्लॉक करायच्या आधी तो कुणाचा आहे हे बघायला शिकला असेल अशी आशा करूया.