लिअर आणि ग्लॉस्टर: चूक एकच, बाप दोन

प्रश्न: दोन अंकी नाटक लिहितोय. मुलीने मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून बाप तिला घरात वाटा देत नाही, ही मुख्य गोष्ट. उपकथानकात शेजारचा बापही मुलाशी घरावरूनच भांडतो. ज्यांनी वाचलं ते म्हणतात, तेच तेच होतंय. विषय एकच ठेवून पुनरावृत्ती कशी टाळायची? आणि उपकथानकाला पानं किती द्यायची?

वाचणारे बरोबर बोलतायत, पण म्हणून शेजाऱ्याला हाकलू नका. आपल्याकडे पहिल्या वाचनाला कोणीतरी "दुसरी गोष्ट काढा, नाटक आटोपशीर होईल" असं म्हणतोच, आणि लेखक निमूट मान डोलावतो. या सल्ल्याशी माझं जुनं वैर आहे, त्यामुळे उत्तर लांबणार.

'किंग लिअर' काढून बसा. शेक्सपिअरच्या आधी याच राजावर एक नाटक होतं, १६०५ साली छापलेलं. त्यात ग्लॉस्टर हा दुसरा बाप नाही, त्याची मुलं नाहीत, आणि शेवटी राजाला राज्य परत मिळतं. दुसऱ्या बापाची गोष्ट शेक्सपिअरने फिलिप सिडनीच्या 'आर्केडिया' या वेगळ्याच पुस्तकातून उचलली आणि इथे आणून बसवली. चालू गोष्टीत मुद्दाम दुसरा बाप आणला, तो कशासाठी, हे नीट पाहिलं की तुमचं निम्मं काम होईल.

दोन्ही बापांत सारखं काय, तर एकच गोष्ट: ज्या लेकराचा बापावर जीव आहे त्यालाच घालवतात. तिथे साम्य संपतं. राज्य वाटून देताना लिअर भर दरबारात तिन्ही मुलींना प्रेम बोलून दाखवायला लावतो. त्याला शब्द हवेत. ग्लॉस्टरला त्याचा अनौरस मुलगा एडमंड, थोरल्या एडगरवर आळ घेणारं एक खोटं पत्र दाखवतो. त्याला पुरावा हवा आणि तो कागदावर विश्वास ठेवतो. म्हणजे माणूस प्रेम कशावरून ओळखतो, या एकाच प्रश्नाची दोन उत्तरं, आणि दोन्ही चुकीची. विषय असा प्रश्नाच्या रूपात मांडा. "बापाचा अहंकार घर मोडतो" असं विधान धरून बसलात, तर दोन्ही घरांत तेच विधान सिद्ध करत राहाल. तुमचं आत्ता तेच झालंय.

लेखकाने हे किती बारकाईने केलंय ते पाहा. पहिल्या प्रवेशात, बोल काय बोलतेस, असं लिअर विचारतो आणि धाकटी मुलगी कॉर्डेलिया म्हणते, "काही नाही, महाराज." लगेच पुढच्या प्रवेशात, काय वाचतोयस, असं ग्लॉस्टर विचारतो आणि एडमंड पत्र खिशात कोंबत म्हणतो, "काही नाही, महाराज." मूळ इंग्रजीतही दोघांच्या तोंडी शब्द अगदी तेच आहेत. ती खरं बोलते आणि तिला हाकललं जातं. हा खोटं बोलतो आणि त्याच्यावर विश्वास बसतो. वर ग्लॉस्टर म्हणतो, काही नसेल तर मला चष्मा लागायचा नाही. पुढे ज्याचे डोळे काढले जाणार आहेत त्याच्या तोंडी हे वाक्य! आरसा दाखवायचा तो असा, एका वाक्यापुरता. अख्खा प्रसंग परत लिहायचा नसतो.

मग शिक्षा. लिअरचं डोकं फिरतं, ग्लॉस्टरचे डोळे जातात. त्याहून महत्त्वाचा फरक वेगाचा आहे. ग्लॉस्टर आंधळा होतो त्याच प्रवेशात लिअरची मधली मुलगी रीगन त्याला सांगते की तू ज्याला हाका मारतोयस तो एडमंडच तुझा द्वेष करतो, आणि एका क्षणात त्याला कळतं की एडगरवर अन्याय झाला. लिअरला मात्र कळत कळत जातं, मध्ये वेडातून जावं लागतं, आणि कॉर्डेलियापुढे यायलाही त्याला लाज वाटते. उपकथानकातला माणूस आधी पोचला की प्रेक्षक मुख्य माणसाकडे वेगळ्या नजरेने बघतो. दोघं एकाच वेळी, एकाच वाटेने पोचले तर दुसऱ्याचं काही ऐकायचं उरत नाही.

शेवटही वेगळे. ग्लॉस्टर पडद्याआड मरतो. मुलगा सापडल्याचा आनंद आणि दुःख यांच्या ओढाताणीत त्याचं हृदय हसत फुटलं, असं एडगर फक्त सांगतो. लिअर आपल्या डोळ्यांसमोर मरतो, हातात मुलीचं प्रेत घेऊन. एका बापाला लेकरू परत मिळालं, म्हणून दुसऱ्यालाही मिळेल अशी आशा वाटत राहते, आणि मग कॉर्डेलियाचा मृत्यू जास्त लागतो. उपकथानक आधी मिटवायचं ते यासाठी.

आता कात्री घेऊन बसलेल्यांसाठी. ग्लॉस्टर काढलात तर कॉर्डेलियाला फाशी देण्याचा हुकूम कोण देणार? तो एडमंडचा. लिअरची थोरली मुलगी गोनेरिल बहिणीला, रीगनला, विष का घालते? एडमंडसाठी. ग्लॉस्टरचे डोळे का काढतात? त्याने लिअरला डोव्हरला पोचवायची सोय केली म्हणून. दोन गोष्टी कारणांनी बांधलेल्या आहेत, नुसत्या विषयाने नाहीत. कसोटी साधी आहे: उपकथानकातले प्रवेश काढून मुख्य गोष्ट वाचा. ती जशीच्या तशी चालली, तर कापणारा बरोबर आणि तुम्ही चूक.

तुमच्या नाटकात ती तशीच चालेल. म्हणून शेजाऱ्याला भांडायला लावू नका. त्याने घर मुलाच्या नावावर करून टाकलेलं असू दे, रीतसर बक्षीसपत्राने, प्रेमापोटी, कोणी मागायच्या आधी. आता तो गॅलरीत झोपतो आणि कोणाला सांगत नाही. प्रश्न तोच: घर दिल्याने माणूस आपला राहतो का? एकाने रोखून धरलंय, एकाने देऊन टाकलंय. मग जोड. मृत्युपत्रावर किमान दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. तुमचा बाप मुलीला वगळणारं मृत्युपत्र घेऊन सहीसाठी शेजाऱ्याकडेच जातो. तो सही करतो की नाही, त्या वेळी गॅलरीतली वळकटी बापाला दिसते की नाही, हा तुमचा प्रवेश. भाषण नको. शेजाऱ्याने "मुलीला दे रे" म्हटलं की मेलं. आणि स्वतःचे हाल बघून तो तसं म्हणेलच कशाला? कदाचित उलट म्हणेल. तेच जास्त चांगलं.

शेजाऱ्याचं बीज मात्र पहिल्या पानांत टाका. 'लिअर' सुरू होतं ते राजापासून नव्हे. ग्लॉस्टर एडमंडच्या देखत, त्याच्या अनौरस जन्मावर केंट या सरदाराशी थट्टा करत असतो, आणि राजा त्यानंतर येतो. थट्टेची ती मोजकी वाक्यं पुढे सगळं जाळतात.

शिरवाडकरांच्या 'नटसम्राट'मध्ये दुसरा बाप नाही, हे मला दर वेळी ऐकवलं जातं. मान्य. पण तिथे युद्ध नाही, फाशी नाही, वारसाचं कारस्थान नाही. गोष्टच नव्याने उभी केली आहे, त्यामुळे भोक पडत नाही. 'लिअर'च्या संहितेतून ग्लॉस्टर वजा करणं हे वेगळं काम आहे. आणि एकांकिका असती तर मीही तुम्हाला एकाच घरात राहा म्हटलं असतं. पाऊण तासात दोन बाप मावत नाहीत.

पानांचं गणित मला विचारू नका. साक्षीचा प्रवेश आधी लिहा. तो समजायला शेजाऱ्याबद्दल जेवढं माहीत हवं तेवढीच पानं त्याची.