आजीची 1917 ची गिनी: सोन्याचा भाव की नाण्याचा?

आजीची 1917 ची गिनी आहे, सोनं वाढलं की तिचा भावही तेवढाच वाढेल ना?

आधी भिंग घेऊन तारखेच्या वर, घोड्याखालच्या जमिनीवर टांकसाळीचं बारीक अक्षर आहे का बघ. एस, पी, एम किंवा सी असेल तर साधारण कॉमनच, सराफ्यात 7.32 ग्रॅम शुद्ध सोनं धरतील आणि रोजच्या रेटसोबत भाव हलेल. अक्षर नसेल तर लंडनची, सोनं तेवढंच, पण त्या वर्षीच्या बहुतेक वितळल्या म्हणून कलेक्टर कितीतरी जास्त देतात, आणि ते जास्तीचे पैसे किती उरल्यात न् किती घासलीये यावर ठरतात, आजच्या रेटवर नाही. नकलीही हिच्याच फार, म्हणून आधी तपासून घे. आणि पॉलिश करू नकोस! आमच्या गिनीला इंदूरच्या एका सोनाराने कडी डकवून चमकवलं, झालं, नुसतं सोनं उरलं.