डोळ्यातल्या इंजेक्शननंतर दिसायला लागलं, तरी डॉक्टर परत का बोलावतात?

प्रश्न : आजीला पंधरा वर्षांपासून शुगर आहे. पडद्यावर सूज आली म्हणून डोळ्यात इंजेक्शन दिलं, आता तिला बरं दिसतंय. तरी दर महिन्याला या म्हणतात, दुसऱ्या डोळ्याला लेझर लागेल म्हणतात. खरंच एवढं जायला हवं का? लेझरने नजर जाते असं ऐकलंय.

जायला हवं. "आता दिसतंय ना" या वाक्यानेच आमच्या घरात एक डोळा जाता जाता राहिला, म्हणून सविस्तर लिहितोय.

माझी आजी सोलापुरात अशोक चौकाच्या बाजूला राहते. सगळा जन्म विड्या वळण्यात गेला. शुगर जुनी, गोळ्या नियमित. ऑक्टोबरमध्ये चष्म्याचा नंबर बदलून घ्यायला म्हणून तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी बाहुली मोठी करणारे थेंब टाकले, अर्ध्या तासाने आतला पडदा बघितला, मग ओसीटी नावाचा स्कॅन केला. डाव्या डोळ्यात पडद्याच्या मधोमध, जिथे बारीक नजर असते तिथे, सूज होती. त्या डोळ्याने ६/१८ दिसत होतं, म्हणजे चांगल्या डोळ्याला १८ मीटरवरून वाचता येणारं अक्षर वाचायला तिला ६ मीटरवर यावं लागायचं. उजव्या डोळ्याने ६/९, म्हणजे जवळजवळ नीट. आणि डॉक्टरांना जास्त काळजी त्या उजव्याचीच होती.

आजीला ते पटेना. "बाई, या डोळ्यानं मला समदं दिसतंय की. विडीचा दोरा अजून याच डोळ्यानं बांधते."

डॉक्टरांनी तिला पडद्याचा फोटो दाखवला. चारी बाजूंना रक्ताचे ठिपके, शिरा मण्यांच्या माळेसारख्या फुगलेल्या. जुन्या शुगरने पडद्यातल्या बारीक रक्तवाहिन्या आधी गळतात, मग बंद पडतात. गळती मधोमध झाली की सूज येते आणि नजर लगेच कमी होते, म्हणून ती कळते. कडेच्या वाहिन्या बंद पडतात तेव्हा काहीच कळत नाही. दुखत नाही, वाचता येतं, टीव्ही दिसतो. पण उपाशी राहिलेला तो कडेचा पडदा नव्या वाहिन्या मागवायला लागतो, आणि या नव्या वाहिन्या इतक्या कच्च्या असतात की कधीही फुटतात. उजवा डोळा त्याच्या अगदी एक पायरी अलीकडे होता. कागदावर लिहिलं होतं : डावा, दर महिन्याला इंजेक्शन, उजवा, तीन महिन्यांच्या आत पुन्हा थेंब टाकून तपासणी, लेझरची तयारी.

डाव्या डोळ्याला नोव्हेंबर आणि डिसेंबरमध्ये इंजेक्शन झालं. सूज उतरली, आजी खूश. जानेवारीची तारीख नेमकी गड्ड्याच्या यात्रेत आली. घरी पाहुणे, रस्त्यावर गर्दी. यात्रा झाल्यावर नेऊ, असं ठरलं. मग माझे काका म्हणाले, "तिला दिसतंय, उपाशीपोटी शुगर ११० आहे, आता कशाला डोळ्यात सुया टोचायच्या?" मी पुण्याहून फोनवर भांडलो. उत्तर आलं, तू लांबून सांगू नकोस.

होळीनंतर एका सकाळी आजीच्या उजव्या डोळ्यासमोर काळे धागे तरंगायला लागले. दुपारपर्यंत लालसर पडदा पडला आणि समोर धरलेली बोटं तेवढी मोजता येत होती. वाहिनी फुटून डोळ्याच्या आतल्या पोकळीत रक्त उतरलं होतं. आतलं काही दिसेना म्हणून डोळ्याची सोनोग्राफी करून पडदा सुटलेला नाही ना ते पाहिलं. सुटला नव्हता, हे तिचं नशीब. त्या डोळ्यात इंजेक्शन दिलं, रात्री डोकं उंच ठेवून झोपायला सांगितलं, आणि रक्त खाली बसून पडदा दिसायला लागल्यावर थोडं थोडं करून लेझर केलं. डाव्या डोळ्याची सूजही तोवर पुन्हा आली होती.

आता लेझरबद्दल. काका आजही चारचौघांत सांगतात, "लेझर केलं आणि आईची नजर गेली." मी तिचे सगळे कागद तारखेनुसार लावून ठेवलेत. उजवा डोळा : ऑक्टोबर ६/९, मार्चमध्ये रक्त उतरलं त्या दिवशी फक्त बोटं मोजण्याइतकी नजर, लेझर पुरं झाल्यानंतर पावसाळ्यात ६/१२. म्हणजे नजर लेझरच्या आधी गेली आणि नंतर बरीचशी आली. लोकांचा गोंधळ होतो कारण लेझर बहुतेक वेळा उशिरा होतं, आणि आधीच झालेलं नुकसान त्याच्या नावावर लागतं. लेझर गेलेली नजर परत आणायला नसतंच. कडेचा उपाशी पडदा जागोजागी भाजून टाकायचा, म्हणजे त्याची रक्ताची मागणी कमी होते आणि कच्च्या वाहिन्या सुकतात. त्याची किंमत आहे, ती लपवू नये : अंधारात थोडं कमी दिसतं, बाजूचं थोडं कमी होतं. आजी आता संध्याकाळी जिन्यात दिवा लावल्याशिवाय उतरत नाही.

इंजेक्शनचं वेगळं. ते नव्या वाहिन्यांची आणि गळतीची मागणी करणारा रस दाबून ठेवतं, पण औषध ओसरलं की तो रस पुन्हा वाढतो. म्हणून सुरुवातीला महिन्या-महिन्याने, सूज टिकून उतरली की अंतर वाढवत न्यायचं. किती वाढवायचं ते आजीला कसं दिसतंय यावर ठरत नाही, स्कॅनमध्ये पडद्याची जाडी किती आली त्यावर ठरतं. आणि कच्च्या वाहिन्यांसाठी नुसत्या इंजेक्शनवर असलेला पेशंट मध्येच यायचा थांबला, तर लेझर झालेल्या पेशंटपेक्षा त्याचे हाल जास्त होतात. तुमच्या घरी कोणी नियमित घेऊन जाणार नसेल तर हे डॉक्टरांना आधीच स्पष्ट सांगा. उपचार निवडताना त्यांना ते माहीत असायला हवं.

शुगर ११० आली म्हणून डोळ्यांचा धोका टळला, हेही काकांचंच म्हणणं. एका सकाळची शुगर त्या सकाळचंच सांगते. तीन महिन्यांची सरासरी बघायची तर एचबीए१सी करा, आणि ती चांगली आली तरी आधीच बंद पडलेल्या वाहिन्या उघडत नाहीत. बीपीही तितकंच बघा, आमच्या आजीचं वर्षभर कोणी मोजलंच नव्हतं.

तुमच्या आजीचा टप्पा मला माहीत नाही. पडद्यावर काहीच नसेल तर वर्षातून एकदा थेंब टाकून तपासणी पुरते, म्हणून माझ्या आजीच्या तारखा तिला लावू नका; दोन्ही डोळ्यांचा टप्पा कागदावर लिहून मागा. शुगर फार वाढलेली असेल तर ती एकदम खाली आणतानाही पडदा काही काळ बिघडू शकतो, तेव्हा डोळ्यांच्या आणि शुगरच्या डॉक्टरांना एकमेकांची औषधं कळू द्या. थेंब टाकल्यावर काही तास अंधुक दिसतं, तिला एकटीला रिक्षाने पाठवू नका. आणि इंजेक्शननंतरच्या दिवसांत डोळा दुखायला लागला, लाली वाढली किंवा दिसायचं कमी झालं, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी घेऊन जा. आत जंतू गेले असतील तर एका रात्रीचा उशीरही डोळ्याला महागात पडतो.