समुपदेशन केंद्रात गेलो तर प्लेसमेंटला कळेल का?

प्रश्न : सर, मी लातूरचा, पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वय १९. एम-थ्री राहिलाय, रात्री झोप लागत नाही. कॉलेजात समुपदेशन केंद्र सुरू झाल्याची नोटीस लागली आहे : 'मोफत व गोपनीय'. पण तिथं गेलो तर एचओडींना किंवा घरी कळेल का? पुढे प्लेसमेंटला आडवं येईल का?

उत्तर : प्लेसमेंटची भीती आधी काढू. कंपन्या तुझे गुण, बॅकलॉग आणि रेझ्युमे मागतात. केंद्रातल्या नोंदी प्लेसमेंट सेलकडे जायचं काही कारणच नाही. रुजू होताना एखादी कंपनी वैद्यकीय फॉर्म भरून घेते. त्यात आजार आणि चालू औषधं विचारली असतील, तर खरंच लिहायचं. पण अभ्यासाच्या ताणाबद्दल समुपदेशकाशी बोलणं म्हणजे आजाराचं निदान नव्हे, आणि समुपदेशक गोळ्याही लिहून देत नाही. ते काम मानसोपचारतज्ज्ञाचं.

अशा नोटिसा सध्या बऱ्याच ठिकाणी दिसतात. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमायला सांगितलं. त्यामुळे नोटीस लागली, एवढ्यावर समाधान मानू नकोस. समुपदेशकाचं नाव आणि शिक्षण दिलंय का, आणि वेळ थेट त्यांच्याकडे घ्यायची की विभागाच्या ऑफिसमधून, हे बघ. 'एचओडींच्या सहीने अर्ज करावा' असं असेल, तर गोपनीयता दारातच संपली. तसं असल्यास थेट वेळ घेता येईल का, हे केंद्रात जाऊन विचार.

आता खरी मेख. तुझा मेंटॉर आणि समुपदेशक या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत. मेंटॉर तुझ्याशी काय बोलले ते मेंटॉर-मेंटी वहीत लिहितात, आणि नॅकची समिती येते तेव्हा अशा वह्या तिच्यापुढे मांडल्या जातात. तिथं 'झोप लागत नाही' हे वाक्य सहज उतरतं, कुणाच्या मनात वाईट नसतानाही. मेंटॉरांशी अभ्यासाचं जरूर बोल, पण खासगी गोष्टींसाठी ती वही ही जागा नव्हे. आणि ज्या सरांनी तुझे पेपर तपासायचेत, त्यांनाच समुपदेशक नेमलं असेल तर मी तिथं जायला सांगणार नाही.

पहिल्या भेटीत संमतीपत्र देतील. वाचून सही कर आणि सरळ विचार, "सर, नोंदी कुठे राहतात आणि कोण बघतं?" चांगलं उत्तर साधारण असं असतं : नोंदी कुलपात, बघणारा फक्त समुपदेशक, प्राचार्यांकडे जातो तो केवळ महिन्याचा आकडा, नावं नाहीत. "काळजी करू नकोस, आपलीच मुलं आहात" हे उत्तर नव्हे.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ ने मानसिक आजारावर उपचार घेणाऱ्याला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. कॉलेजच्या समुपदेशकावरचं बंधन मात्र बरंचसं त्याच्या व्यावसायिक नीतीतून आणि त्या संमतीपत्रातून येतं, म्हणून तो कागद महत्त्वाचा. गोपनीयतेला अपवादही असतात. तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका दिसला, किंवा न्यायालयाने मागितलं, तर समुपदेशकाला आवश्यक तेवढं सांगावं लागतं. हे तो आधीच सांगतो, आणि सांगितलं नाही तर तूच विचारायचं. तू १९ वर्षांचा आहेस, त्यामुळे एरवी तुझ्या परवानगीशिवाय घरी फोन जायला नको. बाबांना सांगायचं का, कधी, हे तू ठरव.

माहिती फुटते ती बहुधा फायलीतून नाही, पत्रातून. समज, झोपेअभावी तुझी दोन प्रॅक्टिकलं बुडाली आणि हजेरीसाठी केंद्राचं पत्र हवंय. कारकून मदत म्हणून 'नैराश्य व चिंतेमुळे' असं टाईप करतो, ते पत्र विभागात फिरतं. पत्रात इतकंच पुरतं : 'सदर विद्यार्थी अमुक तारखांना आरोग्यविषयक कारणासाठी केंद्रात उपस्थित होता.' मसुदा आधी स्वतः वाच, मगच पुढे जाऊ दे.

केंद्राचा भरवसा वाटला नाही तर टेलि-मानस आहे, क्रमांक १४४१६. सरकारी सेवा, मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. कॉलेजचा त्याच्याशी संबंध येत नाही. झोप दोन-तीन आठवडे अशीच राहिली, तर समुपदेशकालाच मानसोपचारतज्ज्ञाचं नाव विचार. आणि जिवाचं काही बरंवाईट करावं असा विचार डोकावला, तर भेटीची तारीख येईपर्यंत थांबू नकोस, त्याच रात्री १४४१६ लाव आणि रूममेटला उठव.

एम-थ्रीचं वेगळं लिही. कोणत्या युनिटला अडतोस ते कळव, म्हणजे पुढच्या परीक्षेपर्यंतचं वेळापत्रक बसवू.