दोन्ही बाजूंचे पाये वेगळे असताना घातांक कसा काढायचा?

प्रश्न: 4^(x+1) = 8^(x−1) सोडवताना मी x+1 = x−1 असं लिहिलं, तर x उडूनच गेला. मग 2x आणि 3x असं काहीतरी करून x = 2 आलं, तेही चूक म्हणतात. नेमकं काय करायचं?

उत्तर: घातांकांची बरोबरी लिहायची ती पाये एक झाल्यावरच. इथे एक पाया 4, दुसरा 8, म्हणून पहिल्या पायरीलाच x उडाला. दोन्ही संख्या 2 च्या घातात येतात: 4 = 2^2 आणि 8 = 2^3. त्या जागी ठेवा:

(2^2)^(x+1) = (2^3)^(x−1)

घाताचा घात आला की घातांकांचा गुणाकार होतो, आणि तो अख्ख्या कंसाशी होतो. तुमचं x = 2 बहुतेक इथूनच आलंय: 2x+1 = 3x−1 असं लिहिलं की बरोबर 2 येतं. कंस न सोडता लिहा:

2(x+1) = 3(x−1)
2x + 2 = 3x − 3
x = 5

पडताळा मूळ समीकरणातच घ्या. 4^6 = 4096 आणि 8^4 = 4096, जमलं. x = 2 घातलं तर डावीकडे 64 आणि उजवीकडे 8 येतात.

आता 2^m = 2^n वरून m = n का म्हणता येतं? दोन्ही बाजूंना 2^n ने भागा, 2^(m−n) = 1 उरतं. 2 चा शून्य सोडून कुठलाही घात 1 होत नाही, म्हणून m−n शून्यच. पाया 1 असता तर हे कोसळलं असतं, कारण 1^3 आणि 1^7 सारखेच आहेत. पाया −1 असला तरी तेच: (−1)^2 = (−1)^4. म्हणून पाया धन हवा आणि 1 नको, ही अट पुस्तकात उगाच दिलेली नसते.

एकच पाया निघेल की नाही, हे मूळ अवयव पाडून कळतं. 36 = 2^2 × 3^2 आणि 216 = 2^3 × 3^3. दोन्हींत 2 आणि 3 सारख्याच प्रमाणात आहेत, म्हणून 6 हा पाया चालतो; 36^x = 216 म्हणजे 2x = 3, x = 3/2. उलट 2^x = 12 मध्ये 12 च्या अवयवांत एक 3 आहे आणि 2 च्या घातात तो कुठून येणार? तिथे x असतो, 3 आणि 4 च्या मध्ये, पण तो काढायला लॉगरिदमच लागतो.

बेरीज दिसली तर मात्र थांबा. 2^x + 2^(x+1) = 24 मध्ये पाया एकच आहे म्हणून x + (x+1) लिहिणारे बरेच असतात. घातांकांची बेरीज गुणाकारात होते, बेरजेत नाही. इथे 2^x सामाईक काढा: 2^x(1 + 2) = 24, म्हणजे 2^x = 8, x = 3.