दोन पास परत आले नव्हते

प्रश्न: नाईटला सिक्युरिटी सुपरवायझर म्हणून नवीन लागलोय. 4 पोस्ट आहेत, रोस्टर कितीही नीट लावलं तरी रात्री 10 ला कोणतरी कमी पडतंच, मग डबल लावून भागवतो. तुम्ही लोक रोस्टर कसं लावता?

मी पण अडीच वर्षं डबल लावूनच भागवत होतो, त्यामुळे एक रात्र सांगतो आधी, हिशोब त्यातूनच कळेल.

चाकणला एमआयडीसीत कंपनी आहे, तिथे आमच्याही 4 पोस्ट. मेन गेट, मागचं मटेरियल गेट म्हणजे गेट नंबर 2, स्क्रॅप यार्ड आणि राऊंड. जानेवारीतला बुधवार. रात्री 10 ला सेकंड शिफ्ट सुटते तेव्हा मेन गेटवर काय गर्दी असते तुम्हाला माहितीच असेल, कामगार बाहेर पडतायत, त्यांची तपासणी, बसवाले हॉर्न मारतायत, आणि त्याच 10 मिनिटांत आमच्या चारही पोस्टचं चार्ज देणंघेणं. मी मेन गेटवर उभा राहून माणसं मोजली तर तीन. गेट 2 चा पोरगा दिसला नाही, पण त्याची रूम मागच्या बाजूलाच आहे, म्हणून मी धरून चाललो की तो तिकडूनच पोस्टवर गेला असेल. मस्टरवर त्याची हजेरी लावून टाकली, तोंड न बघता. चूक इथून सुरू झाली आणि ती माझी होती.

तो पोरगा रूमवर झोपला होता. का झोपला ते पुढे सांगतो.

गेट 2 वर सेकंडला एक काका होते, पन्नाशीचे, अगदी सरळ माणूस. त्यांनी 10 वाजून 10 मिनिटांपर्यंत वाट बघितली, मला वॉकीवर दोनदा हाक मारली म्हणे, पण त्या गोंगाटात मला ऐकू आलं नाही. त्यांची बस सव्वादहाला सुटते, ती गेली की राजगुरुनगरला जायला काहीच नाही, आणि सकाळी परत 6 ला फर्स्टला यायचं होतं. त्यांनी गेटला साखळी घालून कुलूप लावलं आणि चावी राऊंडवाल्याच्या हातात देऊन ते पळत बस गाठायला गेले. राऊंडवाल्याने पावणेअकराला चावी माझ्याकडे दिली तेव्हा मला कळलं की गेट रिकामं आहे. मग मी काय केलं, स्क्रॅप यार्डचा माणूस उचलला आणि जा रे तिकडे बस म्हणालो. त्याने विचारलंही नाही आणि मी सांगितलंही नाही की रजिस्टर उघडून बघ. गेटवर माणूस बसला म्हणजे काम झालं असं मला वाटलं.

राऊंडवाल्याने 11 ला नेहमीप्रमाणे युटिलिटी बिल्डिंगच्या जिन्याचं दार लावून घेतलं.

अडीच वाजता मी गेट 2 वर गेलो, त्या माणसाला चहाला सोडलं आणि त्याच्या खुर्चीवर बसलो. आमच्याकडे बाहेरच्या कॉन्ट्रॅक्टरच्या माणसांना मोबाईल आत नेता येत नाही, गेटवर लाकडी खणांचं कपाट आहे त्यात जमा करायचा आणि पास घ्यायचा, बाहेर जाताना पास द्यायचा आणि मोबाईल न्यायचा. तर बसल्यावर दोनच मिनिटांत त्या कपाटातून घुर्रर्र असा आवाज आला. लाकडावर मोबाईल व्हायब्रेट होतो ना तसा. बघितलं तर चौथ्या खणात एक मोबाईल, काचेला तडा गेलेला, रबर बँड लावलेला, आणि स्क्रीनवर नाव ‘घर’. मी हात लावेपर्यंत बंद झाला. खाली लिहिलेलं, 11 मिस्ड कॉल. शेजारच्या खणात अजून एक मोबाईल होता.

रात्री अडीचला कोणाचं तरी घर फोन करतंय आणि मोबाईल आमच्या कपाटात आहे, म्हणजे माणूस आत आहे. पोटात गोळाच आला. रजिस्टर उघडलं, पेंटिंगवाले, आत 6, बाहेर पडल्याच्या सह्या 4, दोन रकाने कोरे. पासच्या डब्यात 4 पास. काकांनी सगळं व्यवस्थित लिहून ठेवलं होतं, फक्त ते वाचायला आणि ऐकायला समोर माणूस नव्हता. कामाचं ठिकाण पण लिहिलेलं, युटिलिटी बिल्डिंग, टेरेस.

त्या बिल्डिंगमध्ये कॉम्प्रेसर चालतात. वरून कोणी कितीही ओरडलं तरी खाली शिट्टीएवढंही ऐकू येत नाही. आम्ही दार उघडून वर गेलो तेव्हा दोघंजण पाण्याच्या टाकीच्या आडोशाला रंगकामाचं जाड कापड अंगाभोवती गुंडाळून बसले होते. त्यांचा मुकादम बाकी चौघांना घेऊन 9 लाच टेम्पोने गेला होता, ह्या दोघांची बाईक गेटबाहेर होती म्हणून ते मागून येतील असं त्याने धरलं. काम आवरून ते खाली आले तर दार बंद. जवळपास चार तास, जानेवारीच्या थंडीत, अंगात पातळ शर्ट. मोठा जो होता त्याला मी चहाचा ग्लास दिला तर त्याची बोटं वळतच नव्हती, ग्लास दोन तळव्यांमध्ये धरून प्यायला तो. आधी घरी फोन लावून द्या म्हणाला, मग चहा. सुदैवाने दोघंही ठीक होते, पण त्यांच्यातल्या एकाला छातीचा वगैरे त्रास असता तर, किंवा तिथे आग लागली असती तर, आमच्या मते बिल्डिंग रिकामी होती.

आता तो पोरगा. सकाळी मी माझंच रोस्टर घेऊन बसलो. मंगळवारी त्याला सेकंड होती, रात्री 10 ला सुटला. बुधवारी सकाळी 6 ला फर्स्टला लावलेला, कारण एकजण गावाला गेला होता. दुपारी 2 ला सुटला आणि रात्री 10 ला नाईट. म्हणजे दोन्ही वेळा मध्ये 8 तास, त्यातून जाणं येणं, आंघोळ, जेवण. अलार्म लावून पडला आणि अलार्म ऐकूच आला नाही त्याला. कागदावर एकही डबल ड्युटी दिसत नव्हती बघा, रोज एकाच तारखेचे रकाने वरून खाली बघितले तर सगळ्या पोस्ट भरलेल्या. पण एका माणसाची ओळ आडवी वाचली की कळतं त्याला झोपायलाच मिळालेलं नाही. तेव्हापासून मी रोस्टर लावलं की दोनदा वाचतो, एकदा उभं पोस्टसाठी आणि एकदा आडवं माणसासाठी, आणि दोन ड्युट्यांमध्ये 12 तासांपेक्षा कमी दिसले तर ते नाव खोडतो. शिफ्ट फिरवायची तर फर्स्टवरून सेकंड, सेकंडवरून नाईट अशीच, उलटी नाही, कारण उलटी फिरवली की मधली विश्रांतीच कापली जाते. आणि नाईट करून सकाळी 6 ला सुटला त्या दिवसाला वीकली ऑफ म्हणायचं नाही, तो दिवस झोपेतच जातो. त्याच्या पुढचा अख्खा दिवस ऑफ द्यायचा.

पण माणूस कमी का पडतो ह्याचं मूळ अजून खाली आहे आणि तुमचंही तेच असणार. हे गणित मी तोपर्यंत कधी केलंच नव्हतं. 4 पोस्ट, दिवसाला 3 शिफ्ट, 7 दिवस, म्हणजे आठवड्याला 84 ड्युट्या. एक माणूस एक ऑफ धरून 6 ड्युट्या करतो, 48 तास. 84 भागिले 6 म्हणजे 14 माणसं, आणि ती पण कोणी आजारी पडलं नाही, कोणाच्या घरी लग्न नाही, मयत नाही असं धरून. माझ्याकडे 13 होते. 13 गुणिले 6, 78. दर आठवड्याला 6 ड्युट्या मुळातच नव्हत्या आणि मी त्या कोणाच्या तरी झोपेतून काढत होतो. आम्ही सगळे म्हणायचो पोरं दांड्या मारतात. एकही दांडी न मारता 6 कमीच होत्या. वर प्रत्येकजण महिन्याला सरासरी 2 सुट्ट्या घेतो धरा, 14 जणांच्या 28 ड्युट्या झाल्या, म्हणजे अजून एक अख्खा माणूस. म्हणून 15 लागतात, आणि आमची निम्मी पोरं बीड-लातूरकडची आहेत, पेरणीला आणि ऑक्टोबरमध्ये सोयाबीन काढायला जाणारच, तेव्हा 16.

हे मी रिपोर्टमध्ये लिहून दिलं. एजन्सीला काकांना काढून टाकायचं होतं, पोस्ट सोडली म्हणून. नियम बरोबरच आहे, बदली आल्याशिवाय पोस्ट सोडायची नाही, पण बस सव्वादहाला, बदली येणार की नाही सांगणारा कोणी नाही आणि सकाळी 6 ला परत ड्युटी, असं रोस्टर मी लावलं होतं, सही माझी होती. तेही लिहिलं. माझा तीन दिवसांचा पगार कापला, काका राहिले. 15 माणसं मंजूर झाली, सोळावा नाही मिळाला.

मग 15 मध्ये बसवायचं म्हणून दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे सगळ्या पोस्ट 10 ला बदलायच्या बंद केल्या. गेट 2 साडेनऊला बदलतं, तिन्ही शिफ्टला तसंच अर्धा तास आधी, म्हणजे तास कोणाचेच वाढत नाहीत. त्या वेळी गर्दी नसते, मी स्वतः तिथे हजर असतो, चार्ज द्यायला निवांत 15 मिनिटं मिळतात आणि सुटणाऱ्याची बसही चुकत नाही. रात्रीच्या चौघांना मी साडेआठला फोन करतो, उचलला नाही तर 9 पर्यंत दुसरा माणूस बघायला हातात वेळ असतो. 10 ला कळून काही उपयोग नसतो हो, तेव्हा सगळे घराच्या वाटेला लागलेले असतात.

दुसरं, माणूस नाहीच मिळाला तर कुठली पोस्ट सोडायची हे आधी ठरवून रोस्टरच्या खाली लिहून ठेवलंय, कंपनीच्या ॲडमिनची सही घेऊन. आमच्याकडे पहिलं स्क्रॅप यार्ड सुटतं, ते कुलूप लावून राऊंडमध्ये घ्यायचं. गेट 2 कधीच सुटत नाही. ऐनवेळी घाबरून ठरवलं की हाताला लागेल तो माणूस उचलला जातो, मी उचलला होता तसा. तुमच्या साइटवर ही पोस्ट वेगळी असेल, पण दिवसाउजेडी बसून ठरवा आणि सही घ्या, नाहीतर चोरी झाली की सगळं तुमच्या अंगावर येतं.

रजिस्टरमध्ये एक रकाना वाढवलाय, ‘आत शिल्लक माणसं’. सुटणाऱ्याने आकडा तोंडाने सांगायचा, येणाऱ्याने पास मोजून स्वतःच्या हाताने लिहायचा. आकडा शून्य नसेल तर राऊंडवाल्याला वॉकीवर कळवल्याशिवाय कुठलंही दार लागत नाही.

काका अजून गेट 2 लाच आहेत. सेकंडला असले की साडेनऊला मी पोचतो, ते खुर्चीवरून उठायच्या आधीच बोटं वर करून सांगतात, साहेब, आत तीन.