वर्गात हाक कशी मारावी: पालकांना एक पत्र

सप्रेम नमस्कार,

लंडन, दुबई आणि म्युनिक येथे राहणाऱ्या आपल्या मुलांना मी अंबाजोगाईहून दर शनिवारी संध्याकाळी मराठी शिकवते. 'वर्गात प्रत्येकाला त्याने स्वतः सांगितलेल्या नावानेच हाक मारायची' असा नियम मी या सत्रापासून केला आहे. त्यामुळे घरची भाषा बोलण्यावर बंदी आली, असा समज काही घरांत झालेला दिसला, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मागच्या महिन्यात एकाच तासाला दोन गोष्टी घडल्या. मित्राचे उत्तर चुकले तेव्हा एक दहा वर्षांचा मुलगा त्याला "अबे येड्या" म्हणाला. थोड्या वेळाने दुसऱ्या एका मुलाने "मी अभ्यास करूलालो" असे वाक्य सांगितले आणि एक मुलगी हसून म्हणाली, "किती गावठी बोलतो!" त्या रात्री मला एका आईचा फोन आला. तिची तक्रार 'येड्या'बद्दल होती. 'गावठी'बद्दल तिला काही वाटले नव्हते. माझ्या मते त्या तासातला मोठा घाव 'गावठी' या शब्दाचा होता.

'करूलालो' ही चूक नाही आणि ती शिवराळ भाषाही नाही. पुस्तकात जिथे 'करतो आहे' छापलेले असते, तिथे लातूर-नांदेडकडची माणसे हेच रूप बोलतात. 'मपलं' आणि 'तुपलं' हेही असेच घरचे शब्द आहेत. निबंधात मी प्रमाण रूप लिहून घेते, बोलताना मात्र मुलाला अडवत नाही. त्या मुलाने हे वाक्य आजीकडून उचलले होते आणि हसू झाल्यावर तो उरलेला तासभर एक शब्दही बोलला नाही. परदेशात वाढणाऱ्या मुलाकडे मराठी आधीच मोजकी असते. तीही हसण्यावारी गेली तर ते सरळ इंग्रजीकडे वळते, हे मी वर्गात पाहत आले आहे.

'येड्या'चे प्रकरण वेगळे आहे. मराठीत हाक मारताना वेडा, काळा, जाडा या विशेषणांचे वेड्या, काळ्या, जाड्या होते आणि मग तो गुण जणू त्या माणसाचे नावच होऊन बसतो. गणेशचा गण्या आणि सुमनची सुमी हीदेखील जवळिकीची रूपे आहेत. मामाच्या तोंडी त्यांत माया असते, पण वर्गातल्या नवख्या मुलाने तीच हाक मारली तर समोरच्याला कमीपणा वाटतो. त्या मुलाला सुट्टीत त्याचा चुलतभाऊ लाडाने 'येड्या' म्हणत असे. हा शब्द कोणी, कोणाला आणि कुठे म्हणायचा, हे आपल्याकडची मुले गल्लीत खेळता खेळता शिकतात. त्याच्या वाट्याला ती गल्ली आलीच नाही, म्हणून मी त्याला शिक्षा न करता हा फरक समजावून सांगितला.

असा शब्द आला की मी शिकवणे थांबवते आणि बोलणाऱ्याला दोनच प्रश्न विचारते: "त्याचे नाव काय?" आणि "या नावाने हाक मार, असे त्याने तुला सांगितले होते का?" मग तेच वाक्य त्याने खरे नाव घेऊन पुन्हा म्हणायचे. सगळ्यांसमोर माफी मागायला मी लावत नाही, कारण सक्तीच्या माफीने ज्याला लागले तोच अधिक अवघडतो. "मी मजाक केली" हे उत्तर मी ऐकून घेते, पण त्याने नियम सैल होत नाही. ज्याला तो शब्द लागला त्याच्याकडे मी पाहते: तो हसला आणि लगेच गप्प झाला किंवा त्याने कॅमेरा बंद केला, तर ती मजाक नव्हती. त्याच मुलाकडून पुन्हा तसे घडले तर मी आपल्याला फोन करते.

जातीवरून काढलेल्या शब्दाला मात्र पहिली वेळ नाही. त्याच दिवशी फोन येईल. घरातल्या जुन्या म्हणींमध्ये जातींची नावे येतात आणि मुले अर्थ न कळताच त्या वर्गात म्हणतात. मराठवाड्याने विद्यापीठाच्या नामांतरासाठी 1978 ते 1994 अशी सोळा वर्षे पाहिली, घरे जळालेली पाहिली. नावाशी माणसाची प्रतिष्ठा किती जोडलेली असते, हे आपल्या पिढीला ठाऊक आहे. मुलांना ते घरातूनच कळायला हवे, आणि त्यासाठी अशा म्हणी त्यांच्या कानांवर पडणे आधी थांबवावे लागेल.

आपल्या मुलाला वर्गात कोणत्या नावाने हाक मारलेली आवडेल, ते त्यालाच विचारून शुक्रवारपर्यंत मला कळवा. घरी त्याला बाळ्या, पिंट्या, काहीही म्हणत असाल तर जरूर म्हणत राहा. वर्गात तेच नाव हवे असे तो स्वतः म्हणाला, तर हजेरीत मी तेच लिहीन.

आपली,
बाई